प्रशस्तिपत्र मांडताना

प्रिय चिऊ,

तुमच्या वाचनालयाच्या समितीनं मंजूर केलेला मजकूर तू पाठवलास, तो दोनदा वाचला. पुस्तकांची बांधणी करून देणाऱ्या बाईंना वर्धापनदिनी प्रशस्तिपत्र द्यायचं ठरलं, याचा मला फार आनंद झाला. वक्ते आणि देणगीदार यांना असे कागद नेहमी मिळतात. सुटलेली पानं शिवून, पुठ्ठा आणि खळ लावून पुस्तक पुन्हा कपाटात उभं करणाऱ्या माणसाला ते क्वचितच मिळतात. त्यामुळे हा कागद नीट व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. हा मजकूर आडव्या ए-फोरवर, भोवती काठ आणि खाली सह्यांच्या रेघा धरून कसा बसवायचा, असं तू विचारलंस. माझी उमेदीची वर्षं छापखान्यात अक्षरजुळणी करण्यात गेली, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

आधी मजकुराबद्दल, कारण मांडणीतल्या निम्म्या अडचणी मजकुरातूनच येतात. समितीनं लिहिलं आहे: ‘प्रमाणित करण्यात येते की श्रीमती अमुक, राहणार अमुक, यांनी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसंग्रहातील जुन्या व जीर्ण झालेल्या पुस्तकांची दुरुस्ती व बांधणी सन २०१३ पासून आजतागायत कोणताही मोबदला न घेता अत्यंत तन्मयतेने केलेली असून त्यांच्या या कार्याची दखल घेऊन संस्थेच्या कार्यकारी मंडळाच्या वतीने त्यांना हे प्रशस्तिपत्र देऊन गौरविण्यात येत आहे.’

यातलं खोटं काहीच नाही. पण हे वाक्य कागदावर मधोमध ठेवलं की सात-आठ ओळींचा एक ठोकळा होतो आणि बाईंचं नाव त्यात कुठेतरी पहिल्या ओळीच्या पोटात जातं. ‘प्रमाणित करण्यात येते की’ ही सुरुवात दाखल्याची आहे. जन्माचा, रहिवासाचा, उत्तीर्ण झाल्याचा दाखला कुणीतरी पुढे पुरावा म्हणून मागणार असतो. इथे पुरावा कुणी मागणार नाही, तुम्ही आभार मानता आहात. म्हणून ती सुरुवात काढ. ‘राहणार’ आणि पत्ता काढ, गावात त्यांना सगळे ओळखतात आणि त्यांच्याच घरातल्या भिंतीवर त्यांचाच पत्ता लिहिलेला नको. ‘अत्यंत तन्मयतेने’ हे शब्द कुणालाही लावता येतात. उलट ‘जीर्ण पुस्तकांची दुरुस्ती व बांधणी’, ‘२०१३’ आणि ‘मोबदला न घेता’ या तीन गोष्टी फक्त त्यांच्याच आहेत. त्या एका अक्षरानंही कमी करू नकोस.

मग उरतं ते असं:

श्रीमती (नाव) यांना
वाचनालयातील जीर्ण पुस्तकांची दुरुस्ती व बांधणी
२०१३ सालापासून कोणताही मोबदला न घेता केल्याबद्दल
संस्थेच्या वतीने हे प्रशस्तिपत्र
कृतज्ञतापूर्वक प्रदान करण्यात येत आहे.

सगळं मिळून एकच वाक्य आहे. ‘यांना’ आणि ‘केल्याबद्दल’ वापरल्यामुळे बाई की पुरुष याप्रमाणे क्रियापद बदलावं लागत नाही. पुढच्या वर्षी हाच साचा दुसऱ्या कुणासाठी काढलास तर ‘झाले/झाल्या’ अशा तिरक्या रेघा माराव्या लागणार नाहीत. गौरवाच्या कागदावर तिरकी रेघ मला सहन होत नाही. नाव कुणाचं येणार हे ठरायच्या आधीच कागद छापून घेतला होता, असं ती रेघ सांगत असते.

या ओळी मी कुठे तोडल्या तेही बघ. संगणक ओळ तोडतो ती जागा संपली म्हणून, अर्थ पाहून तो तोडत नाही. त्याच्यावर सोडलंस तर ‘कोणताही मोबदला’ एका ओळीच्या शेवटी राहील आणि ‘न घेता’ पुढच्या ओळीवर जाईल. लांबून वाचणाऱ्याला क्षणभर उलटाच अर्थ लागेल. म्हणून प्रत्येक ओळ एका दमात वाचता येईल अशी तू स्वतः तोडायची, `Shift+Enter` दाबून. तोडून झाल्यावर मोठ्यानं वाचून बघ. सूत्रसंचालक व्यासपीठावर हेच वाचणार आहे आणि तो ओळीच्या शेवटी श्वास घेणार आहे. मजकूर मधोमध ठेवायचा, दोन्ही कडा सारख्या करायला जाऊ नकोस. तसं केलं की छोट्या ओळींतले शब्द ताणले जातात आणि मध्ये भोकं पडतात.

नावाची ओळ हा खरा कसोटीचा भाग. इंग्रजी नमुन्यात नाव एकटं एका ओळीवर ठेवता येतं. आपल्याकडे नावापुढे ‘यांना’ लागतोच, आणि तो खालच्या ओळीवर ढकलला तर वाचताना अडखळायला होतं. नावाच्याच ओळीत ठेवला तर सगळी ओळ मधोमध असूनही नाव मात्र डावीकडे सरकल्यासारखं दिसतं. यावर आम्ही छापखान्यात करायचो तो उपाय सोपा आहे. नाव २८ पॉइंटचं ठेव, आणि डावीकडचा ‘श्रीमती’ आणि उजवीकडचा ‘यांना’ हे दोन्ही १६ पॉइंटचे ठेव. दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या रुंदीचे लहान शब्द आले की नाव आपोआप मध्यावर येतं. मोठं आणि लहान अक्षर एका ओळीत आलं की शिरोरेषा दोन वेगळ्या उंचींवर पडतात, म्हणून नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मोकळ्या जागा सोड. चिकटून ठेवलंस तर रेघ तुटल्यासारखी दिसेल.

नाव पुढे हातानं लिहायचं असेल तर तिथे ठिपक्यांची रेघ दे, पण तिच्या वर किमान १२ मिलिमीटर मोकळे राहू देत. देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार अशी दोन्हीकडे जागा लागते. बाईंचं नाव आता ठरलेलं आहे, तेव्हा ते छापूनच घे. मुलांच्या स्पर्धांसाठी पन्नास-साठ नावं असतील तेव्हा मेल मर्ज वापरता येईल. तेव्हा यादीतलं सगळ्यात लांब नाव आधी बसवून बघायचं आणि त्यावरूनच अक्षराचा आकार ठरवायचा.

आता पान. आडवा ए-फोर २९७ मिलिमीटर रुंद आणि २१० उंच असतो. नवीन माणूस वरून सुरुवात करतो: संस्थेचं नाव, बोधचिन्ह, मोठं शीर्षक, आणि मग खाली उरेल तेवढ्या जागेत सह्या. म्हणून इतक्या प्रशस्तिपत्रांवर अध्यक्षांची सही काठाला टेकलेली किंवा मजकुराच्या शेवटच्या ओळीवर चढलेली दिसते. तू तळापासून मोज. बाकी सगळं लहानमोठं करता येतं, सही करणारा हात आक्रसता येत नाही.

काठ कागदाच्या कडेपासून १२ मिलिमीटर आत घे, काठाची जाडी सुमारे २ आणि त्याच्या आत १३ मिलिमीटर कोरी जागा. म्हणजे प्रत्येक बाजूनं २७ मिलिमीटर गेले आणि मजकुराला उंचीत १५६, रुंदीत २४३ मिलिमीटर उरले. आता खालून: सहीसाठी कोरी जागा २० मिलिमीटर, मग रेघ, रेघेखाली नाव आणि त्याखाली पद यांना १५. झाले ३५. वर राहिले १२१. त्यात संस्थेचं नाव, गाव आणि जावक क्रमांक-दिनांकाची ओळ मिळून २२, शीर्षक २०, बाईंच्या नावाची ओळ १६, आणि मजकुराच्या चार ओळी मिळून ३७. ही बेरीज ९५ होते, शिल्लक २६. ही शिल्लक सगळीकडे सारखी वाटू नकोस. शीर्षकाच्या वर ८, शीर्षक आणि नावाच्या मध्ये १०, नाव आणि मजकुराच्या मध्ये फक्त ४, आणि मजकुराखाली ४. नाव आणि त्याखालचा मजकूर हे एकच वाक्य आहे, म्हणून ते जवळ हवेत. शीर्षक मात्र त्यांच्यापासून लांब हवं, म्हणजे नावाभोवती मोकळी हवा राहते आणि डोळा तिथेच थांबतो.

जावक क्रमांक डावीकडे आणि दिनांक उजवीकडे, संस्थेच्या नावाखाली, आपल्या पत्रांवर असतात तसे ठेव. बरेच जण दिनांक सह्यांच्या ओळीत घुसवतात आणि मग तिथे शिक्क्याला जागा राहत नाही.

सह्यांबद्दल तुझ्या समितीशी थोडं बोलावं लागेल. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि ग्रंथपाल अशा चार सह्या त्यांनी मागितल्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे: दोन पुरेत. डावीकडे सचिव, उजवीकडे अध्यक्ष, मध्ये संस्थेचा शिक्का. २४३ मिलिमीटरचे पाच उभे कप्पे कर: ६०, ३१.५, ६०, ३१.५, ६०. पहिल्या आणि पाचव्या कप्प्याला फक्त वरची रेघ दे, तिसरा कोरा. गोल शिक्का साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा असतो. मधल्या कप्प्यात काहीच छापलेलं नसल्यामुळे मजकुरापासून काठापर्यंत मिळून ५२ मिलिमीटर उंची मिळते, त्यात तो आरामात बसतो. तिसरी सही अटळ असली तर ती मधल्या कप्प्यात जाईल आणि शिक्का अध्यक्षांच्या सहीवर किंचित चढवून मारावा लागेल. चारच हव्यात असा हट्ट असेल तर ४८ मिलिमीटरच्या चार रेघा आणि मध्ये १७-१७ चं अंतर, तेवढ्यात जेमतेम बसतं. पण मग कागदाच्या खालच्या तिसऱ्या भागात चार नावं आणि चार पदं येतात, आणि ज्यांचा गौरव आहे त्यांच्या एका नावापेक्षा गौरव करणाऱ्यांचीच गर्दी जास्त होते. हे समितीला शांतपणे दाखव. छापून दाखवलंस तर त्यांना लगेच पटेल.

आणि एक गोष्ट कटाक्षानं पाळ: सहीची रेघ कळफलकावरचं अधोरेखन चिन्ह दाबत-दाबत काढू नकोस. दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलला की त्या चिन्हांची रुंदी बदलते, रेघ लांबते, तिचं शेपूट खालच्या ओळीवर उतरतं आणि तीस-चाळीस रेघांचे तुकडे पानभर होतात. तक्त्याच्या कप्प्याची वरची कड हीच सहीची रेघ. ती कुठेही हलत नाही. नाव आणि पद त्याच कप्प्यात, मधोमध, ११-१२ पॉइंटमध्ये.

तू लिब्रेऑफिस रायटर वापरतेस, म्हणून त्यातलंच सांगते. `Format` मध्ये `Page Style` उघड, कागद ए-फोर आणि `Landscape` निवड, चारही समास १२ मिलिमीटर. मग `Borders` मध्ये चौकट निवड, रेघेची शैली बाहेर जाड आत बारीक अशी दुहेरी, एकूण जाडी ६ पॉइंट आणि `Padding` १३ मिलिमीटर. रायटरमध्ये समास म्हणजे कागदाच्या कडेपासून काठापर्यंतचं अंतर आणि `Padding` म्हणजे काठापासून मजकुरापर्यंतचं. हे एकदा डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. तुमच्या कार्यालयातल्या संगणकावर वर्ड असेल तर तिथे पानाचा काठ आपण काही बदललं नाही तर कडेपासून २४ पॉइंटवर, म्हणजे साडेआठ मिलिमीटरवर येतो आणि फार तर ३१ पॉइंटपर्यंत, म्हणजे ११ मिलिमीटरपर्यंत आत घेता येतो. तिथे तो पूर्ण ३१ वर ठेव.

सह्यांचा तक्ता मजकुराखाली `Enter` दाबत-दाबत खाली ढकलू नकोस. वर कुणी एक ओळ वाढवली की तो दुसऱ्या पानावर उडी मारतो, आणि हे नेमकं छपाईच्या आदल्या रात्री होतं. एक फ्रेम घाल, तिची कड काढून टाक, `To page` निवडून ती पानाला बांध, उभी जागा `Bottom` ठेव आणि तक्ता त्या फ्रेमच्या आत ठेव. आता वरचा मजकूर कितीही बदलला तरी सह्या जागच्या जागी राहतील.

काठ १२ मिलिमीटर आत का, हेही सांगते, कारण छपाईवाला तुला ‘अजून बाहेर घ्या, मोठं दिसेल’ असं म्हणेल. कार्यालयातला प्रिंटर कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर छापूच शकत नाही. काठ त्या पट्ट्यात गेला तर एक बाजू गायब होते. दुसरं, प्रत्येक प्रिंटर कागद ओढताना थोडा तिरका ओढतोच. काठ कडेपासून पाच मिलिमीटरवर असेल तर एका मिलिमीटरचा तिरकेपणा लगेच डोळ्यात खुपतो. बारा मिलिमीटरवर तोच सहसा कुणाला कळत नाही. तिसरं, बाई हे फ्रेम करून घेतील. फ्रेमची लाकडी कड चारी बाजूंनी कागदाचे साधारण पाच मिलिमीटर झाकते. काठाबाहेर थोडा पांढरा कागद दिसला तरच तो काठ वाटतो.

इंटरनेटवरची कोपऱ्यांत वेलबुट्टी असलेली चौकट तू पाठवली होतीस, ती छान आहे, पण घेऊ नकोस. ते चित्र ८०० पिक्सेल रुंद आहे. ए-फोरच्या आडव्या बाजूला स्वच्छ छपाईसाठी सुमारे ३५०० पिक्सेल लागतात. पडद्यावर ठीक दिसेल, कागदावर वेलींच्या कडा दातेरी येतील. शिवाय ती मुळात उभ्या पानाची आहे, आडवी ताणल्यावर कोपऱ्यातली गोल फुलं लांबट झाली आहेत आणि डावी-उजवी रेघ वरच्या-खालच्या रेघेपेक्षा जाड दिसते आहे. नीट बघ, दिसेल. संगणकानं स्वतः काढलेली साधी दुहेरी रेघ कितीही मोठी केली तरी काटेकोर राहते. गडद तपकिरी-लाल रंग दे. सोनेरी नको. प्रिंटरकडे सोनेरी शाई नसते, तो पिवळ्या-लाल-काळ्या ठिपक्यांतून मोहरीसारखा रंग करतो आणि बारीक रेघ त्यात विरून जाते. खरं सोनेरी हवं तर छापखान्यात फॉइल लावून घ्यावं लागतं, एका कागदासाठी तो खर्च करू नये.

अक्षराबद्दल. शीर्षकाला रोझा वन चालेल. ते जाड-बारीक उठावाचं अक्षर मोठ्या आकारात फार देखणं दिसतं, पण लहान आकारात त्याच्या बारीक रेघा नाहीशा होतात. तेव्हा फक्त ‘प्रशस्तिपत्र’ या एका शब्दासाठी, ४० पॉइंटमध्ये. बाकी सगळं तिरो देवनागरी मराठीमध्ये. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचा आहे. हिंदीसाठी घडवलेल्या पुष्कळ फॉन्टांत ही दोन अक्षरं वेगळी येतात, आणि ‘कृतज्ञतापूर्वक’सारखे जोडाक्षरांचे शब्द तिरोमध्ये छान बसतात. फक्त त्याला ठळक वळण मुळात नाही. बाईंच्या नावासाठी तू `B` दाबलंस तर संगणक त्याच अक्षराला कडेनं फुगवून खोटा ठळकपणा आणतो आणि ‘ष’, ‘क्ष’ यांची पोटं भरतात. नाव मोठं आहे, ते पुरे. ठळक हवंच असेल तर ‘मुक्त’ हा फॉन्ट घे, त्याची वजनं खरी आहेत.

देवनागरी अक्षरांत अंतर वाढवण्याचा मोह टाळ. इंग्रजी शीर्षकं तशी ताणतात, आपली शिरोरेषा मात्र तुटते आणि शब्दाचे सुटे मणी होतात. ओळींमधलं अंतर १६ पॉइंटच्या अक्षराला २६ पॉइंट ठेव, वर सांगितलेले चार ओळींचे ३७ मिलिमीटर त्यातूनच आले आहेत. अंतर कमी केलंस तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. आणि रायटरमध्ये अक्षर बदलताना `CTL Font` मध्ये बदल, वरच्या `Western` मध्ये नाही. तू फॉन्ट बदललास आणि काहीच झालं नाही असं वाटलं तर कारण बहुधा हेच असतं. आकडे सगळे देवनागरी ठेव. जावक क्रमांक एका लिपीत आणि २०१३ दुसऱ्या लिपीत असं होऊ देऊ नकोस.

झालं की पीडीएफ काढ आणि छपाईसाठी तीच दे. अनेक छपाईवाल्यांकडे अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट असतात. तुझी मूळ फाईल तिथे उघडली की अक्षरं भलतीच दिसतात, आणि ते बिचारे घाईत मजकूर पुन्हा टाइप करतात. त्यात नाव चुकतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच जातो. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून पाठवलीस तर ती दाबून लहान होते.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत `Actual size` किंवा `100%` निवडलं आहे ना, हे स्वतः उभं राहून बघ. `Fit` असेल तर सगळं पान थोडं आक्रसतं आणि काठाबाहेरची पांढरी पट्टी रुंद होते. आधी साध्या कागदावर एक प्रत काढून मोजपट्टी लाव. काठाची बाहेरची रुंदी २७३ मिलिमीटर आणि उंची १८६ आली पाहिजे. कमी आली तर पान आक्रसलं आहे. रुंदी बरोबर आली, पण डावीकडे १३ आणि उजवीकडे ११ असेल तर कागद सरकला आहे, ट्रेमधल्या पट्ट्या घट्ट कर. वरच्या डाव्या कोपऱ्यापाशी १२ आणि उजव्या कोपऱ्यापाशी १४ असेल तर कागद तिरका गेला आहे. एक मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून दे, त्याहून जास्त असेल तर कार्ड घालूच नकोस. एखाद्या वेळी काठ आडवा आखूड आणि उभा मात्र थोडा लांब असं विचित्र दिसतं. तेव्हा कागदाचा आकार तपास: अमेरिकी लेटर कागद २७९ बाय २१६ चा असतो, आणि आयत्या साच्यांत तो बरेचदा लपलेला असतो.

कागद कोणता घ्यायचा, हे सहीवरून ठरव. चकचकीत आर्ट कार्डावर छपाई उठून दिसते, पण त्यावर बॉलपेन घसरतं, जेल पेनची शाई पसरते आणि शिक्क्याची शाई तासभर ओली राहते. अध्यक्ष सही करतात, सचिव लगेच कागदावर कागद ठेवतात, आणि वरच्या प्रतीच्या पाठीवर निळा डाग उमटतो. म्हणून चकाकी नसलेलं हस्तिदंती रंगाचं कार्ड घे. कार्यालयातल्या लेझर प्रिंटरमधून काढायचं असेल तर १६० जीएसएमच्या आसपास थांब. त्याहून जाड कार्ड बऱ्याच प्रिंटरांत अडकतं किंवा वळणावर मुडपतं. २५० च्या पुढचं हवं असेल तर डिजिटल छपाईच्या दुकानात जा. खडबडीत, हातकागदासारखं कार्ड लेझरसाठी नको. खोलगट भागात टोनर नीट धरत नाही आणि बोट फिरवलं की पावडरीसारखा सुटतो. विकत घेण्यापूर्वी दुकानातच एका तुकड्यावर सही करून, मिनिटभर थांबून अंगठ्यानं घासून बघ.

लॅमिनेशनचं ठरलं असेल तर सह्या आणि शिक्के त्याआधी, आणि शाई पूर्ण वाळल्यावर. प्लॅस्टिकवर सही टिकत नाही. मला स्वतःला लॅमिनेशन आवडत नाही. ते एकदा केलं की काढता येत नाही, आणि ज्या बाईंनी पुस्तकं जपली त्यांना काच आणि लाकूडच शोभेल. समितीला फ्रेमचा खर्च जड वाटत असेल तर मला कळव, तो मी देईन. तुझ्या आईला मात्र यातलं काही सांगू नकोस.

कार्डाच्या एकूण तीन प्रती काढ: एक बाईंची, एक संस्थेच्या दप्तरी ठेवायला, आणि एक सह्यांच्या वेळी हाताशी. सह्या समारंभाच्या आदल्या दिवशी टेबलावर, कागदाखाली कडक पुठ्ठा ठेवून घे. व्यासपीठावर मांडीवर ठेवून केलेली सही रेघेखाली घसरते. आणि छपाईला देण्याआधी पीडीएफ मला पाठव. बाईंचं नाव त्या स्वतः कसं लिहितात, ऱ्हस्व-दीर्घासकट, हे त्यांना विचारून घेतलंस का, तेही लिही. वाचनालयाच्या जुन्या नोंदवहीत असतं ते नाव अनेकदा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं.

तुझी,
मावशी